रेंज गेली तरी रस्ता सापडतो

मोबाइलची रेंज गेली की नकाशाही गेला, असा बहुतेकांचा समज असतो. फोनवर रस्ता दिसतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र काम करत असतात. आपण कुठे आहोत हे दाखवणारा निळा ठिपका, त्या ठिपक्याखालचा नकाशा आणि नकाशावर आखलेला मार्ग. रेंज गेल्यावर या तिघांचे होते ते वेगवेगळे.

ठिपक्याला मोबाइल टॉवर लागत नाही. फोनमधला जीपीएस हा केवळ रेडिओसारखा ऐकणारा भाग आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संदेश सोडत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून फोन स्वतःची जागा काढतो. नेटवर्क असले तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती टॉवरकडून झटकन मिळते आणि ठिपका काही सेकंदांत स्थिरावतो. नेटवर्क नसले तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि ती सावकाश येते. म्हणून निर्जन घाटात फोन सुरू केल्यावर एकदोन मिनिटे ठिपका जागेवर येत नाही, कधी जुनीच जागा दाखवत राहतो. फोन बिघडलेला नसतो. उघड्या आकाशाखाली थोडे थांबले की ठिपका येतो. विमान मोडमध्येही आजच्या बहुतेक फोनचा जीपीएस चालू राहतो.

नकाशाचे चित्र मात्र इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने येते. ते आधी उतरवून घेतलेले नसेल तर करड्या पडद्यावर एकटा ठिपका उरतो. मार्गाचे गणितही एरवी बरेचसे दूरच्या संगणकावर होते. नकाशाचा भाग फोनमध्ये साठवलेला असेल तरच फोन ते स्वतः करू शकतो. याचा अर्थ, रेंज गेल्यावर काय शिल्लक राहील हे घरून निघतानाच ठरलेले असते.

याचे नेमके उदाहरण म्हणजे मनाली ते लेह हा रस्ता. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी मोटारसायकली आणि गाड्या त्यावर असतात. सव्वाचारशे किलोमीटरच्या या वाटेवर जिस्पा-दारचाच्या पुढे उपशीपर्यंत बहुतेक पट्टा रेंजविना जातो. अधूनमधून एखादा नवा टॉवर लागतो, पण त्याच्या भरवशावर बेत आखता येत नाही. शिवाय महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. त्यामुळे एकाच गाडीतल्या एकाचा फोन वाजतो आणि दुसऱ्याचा मुका राहतो, असा प्रसंग लेहमध्ये पोहोचल्यावरही येतो.

तयारी मनालीच्या हॉटेलच्या वायफायवर नव्हे, घरीच करावी. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा उतरवताना पडद्यावर एक चौकट येते, ती पसरून हवा तो प्रदेश आत घ्यायचा असतो. येथे एक चूक नेहमी होते. चौकटीत रस्ता येतो, पण सुरुवातीचे किंवा शेवटचे ठिकाण बाहेर राहते. दोन्ही टोके उतरवलेल्या भागात नसतील तर फोन मार्ग काढत नाही. एका चौकटीत सगळे नीट बसत नसेल तर दोन चौकटी घ्याव्यात आणि सरचूच्या आसपासचा भाग दोन्हींत येईल अशा एकमेकींवर चढवाव्यात. उतरवलेला नकाशा कायमचा नसतो. त्याला मुदत असते आणि ती संपत आली की वायफाय मिळाल्यावर तो नवा करावा लागतो. मागच्या वर्षीच्या सहलीचा नकाशा अजून फोनमध्ये असेल या विश्वासावर निघणाऱ्याची फजिती होते ती यामुळेच.

ऑफलाइन गूगल मॅप्समध्ये गाडीचा मार्ग मिळतो, पायी किंवा सायकलचा मिळत नाही. वाहतुकीची ताजी स्थिती, पर्यायी मार्ग आणि उपग्रहाचे छायाचित्रही मिळत नाही. म्हणून सोबत दुसरा नकाशा असावा, तोही वेगळ्या स्रोताचा. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही अॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर चालतात आणि मुळातच ऑफलाइन वापरासाठी बनवलेली आहेत. त्यांत प्रदेशवार फाइली उतरवायच्या असतात. सरचूजवळ हिमाचलची हद्द संपून लडाखची सुरू होते, तेव्हा दोन्हीकडचा भाग हवा. एकच उतरवला तर मार्ग हद्दीवर तुटतो. या नकाशांत ओढे, पूल, खिंडी आणि पायवाटा बहुधा गूगलपेक्षा बारकाईने येतात. रेंजविना प्रवासात हॉटेलांच्या नावांपेक्षा ओढा आणि पूलच जास्त उपयोगाचे ठरतात.

सगळे उतरवून झाले की एक परीक्षा घ्यावी. फोन विमान मोडमध्ये टाकून वायफायही बंद करायचे, अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे आणि मनाली ते लेह मार्ग मागायचा. मग दारचा, सरचू, पांग आणि उपशी या चार ठिकाणी नकाशा मोठा करून बघायचा. रस्त्यांची नावे आणि फाटे स्पष्ट दिसले तर नकाशा खरोखर फोनमध्ये आहे. धूसर चित्र मोठे होत राहिले तर ती पूर्वी बघितलेल्या नकाशाची उरलेली सावली आहे, नकाशा नव्हे. पडद्याचा फोटो काढून ठेवणारेही पुष्कळ असतात. त्या फोटोवर ठिपका हलत नाही, म्हणून मुख्य साधन म्हणून तो कामाचा नाही.

त्यानंतर कागद. एका चिठ्ठीवर ठिकाणांची नावे क्रमाने आणि त्यांच्यामधली अंतरे लिहावीत. दारचा ते सरचू सुमारे ७५ किलोमीटर, सरचू ते पांग तेवढेच किंवा थोडे जास्त, पांग ते टांगलांग ला सुमारे ७०, तिथून उपशी ६०, उपशी ते लेह पन्नासच्या आत. ही अंतरे वेगवेगळ्या नकाशांत दोनचार किलोमीटरने बदलतात, त्याने काही बिघडत नाही. लिहून ठेवण्याचे कारण वेगळे आहे. पाच हजार मीटर उंचीवर विरळ हवेत साधी बेरीज-वजाबाकीही चुकते आणि आपण चुकतो आहोत हेही लक्षात येत नाही. विचार खाली करून ठेवावा, वर फक्त वाचावा.

गाडीतला ट्रिप मीटर प्रत्येक ठळक खुणेपाशी शून्यावर आणायचा. मग मीटरवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचे अंतर ताडून पाहिले की पुढची खूण कधी यायला हवी हे कळते. ती वेळेवर आली तर सगळे ठीक. अपेक्षेपेक्षा दहा किलोमीटर जास्त झाले आणि खूण आली नाही, तर थांबून बघायचे. किलोमीटरचे दगडही हेच काम करतात. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि त्यावर पुढच्या गावांची नावे व अंतरे असतात. सरचूपर्यंत सीमा सडक संघटनेच्या दीपक प्रकल्पाकडे आणि तिथून पुढे हिमांक प्रकल्पाकडे हा रस्ता आहे. फलकांवरचे नाव बदलले की हद्द ओलांडल्याचे कळते. दगडावरचे अंतर कमी होत जाते का, एवढे पाहिले तरी दिशा बरोबर आहे की नाही हे समजते. जुना दगड पडलेला किंवा रंग उडालेला असतो, म्हणून एका दगडावर निर्णय घेऊ नये, लागोपाठ दोनतीन पाहावेत.

परंतु या रस्त्यावरची सर्वांत पक्की खूण पाणी ही आहे. नदी कोणत्या दिशेने वाहते हे बघायला ना फोन लागतो ना फलक, आणि मनालीपासून लेहपर्यंतचा जवळजवळ सगळा प्रवास पाण्याच्या भाषेत सांगता येतो.

अटल बोगद्याच्या उत्तर तोंडातून बाहेर पडले की समोर चंद्रा नदी येते. हा बोगदा नऊ किलोमीटरचा आहे, आत उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे ठिपका दक्षिण तोंडापाशीच अडकतो आणि बाहेर आल्यावरही काही क्षण मागेच रेंगाळतो. नेमक्या त्याच वेळी डावे-उजवे ठरवायचे असते. डावीकडे प्रवाहाबरोबर गेले की सिस्सू, टांडी आणि केलाँग. उजवीकडे प्रवाहाविरुद्ध गेले की कोकसर, आणि पुढे स्पितीची वाट. लेहला जायचे तर चंद्रेचे पाणी आपल्याबरोबर वाहत असले पाहिजे.

टांडीला भागा नदी येऊन मिळते आणि इथे पाण्याचा नियम उलटतो. आता उजवीकडे वळून भागेच्या प्रवाहाविरुद्ध चढायचे. कोणी सरळ पाण्याबरोबरच जात राहिला तर तो उदयपूर आणि पांगीच्या दिशेने चिनाबच्या खोऱ्यात उतरतो. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरातच उगम पावतात आणि निरनिराळ्या बाजूंनी फिरून टांडीला भेटतात. टांडीचा पेट्रोल पंपही ठळक खूण आहे. पुढे लेहच्या बाजूला पोहोचेपर्यंत पंपाचा भरवसा नाही असे मानूनच इथे टाकी भरतात.

यापुढे केलाँग, जिस्पा, दारचा आणि बारालाचापर्यंत भागा समोरून येत राहते. खिंडीच्या थोडे खाली सूरजताल दिसतो, तिथून ती निघते. खिंड ओलांडली की पाणी पुन्हा आपल्याबरोबर वाहू लागते. ही युनाम नदी असून ती सरचूच्या पठारापर्यंत सोबत करते. खिंडीवरचा फलक धुक्यात किंवा बर्फात दिसला नाही, तरी ओढ्याची दिशा बदललेली दिसली की खिंड मागे पडली हे नक्की.

सरचूनंतर रस्ता त्सारप नदीच्या काठाने, पुन्हा पाण्याबरोबर, वीस-पंचवीस किलोमीटर जातो. मग गाटा लूप्सची एकवीस वळणे सुरू होतात आणि रस्ता नदी सोडून वर चढतो. त्सारप डावीकडे झंस्कारकडे निघून जाते. यानंतर दोन खिंडी लागोपाठ येतात, आधी नकी ला, मग थोडे उतरून पुन्हा चढल्यावर लाचुलुंग ला. पहिल्या खिंडीनंतरचा उतार पाहून आता पांग आलेच असे वाटते, ते खरे नसते. दुसरी चढण बाकी असते आणि पांग त्यानंतरच्या अरुंद घळीच्या तोंडाशी येते.

पांगच्या पुढे मोरे मैदान लागते. सुमारे चाळीस किलोमीटर सपाट पठार, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये जवळजवळ सरळ रस्ता. इथे पाणी काही सांगत नाही. कुठे कुठे रस्त्याबाहेर चाकोऱ्या फुटलेल्या असतात आणि दुरुस्ती चालू असली की गाड्या त्यांवरूनच जातात. ठिपका आणि ट्रिप मीटर या दोघांचा खरा उपयोग याच पट्ट्यात होतो. मैदान संपताना डेब्रिंगजवळ उजवीकडे त्सो कार सरोवराचा फाटा फुटतो. लेहचा रस्ता पुढे टांगलांग ला चढतो. खिंडीनंतर रुम्त्से आणि ग्या या गावांपासून पाणी पुन्हा सोबत येते आणि उपशीला सिंधूला मिळते. तिथला नियम सोपा आहे. डावीकडे वळायचे, सिंधूच्या प्रवाहाबरोबर. उजवीकडे प्रवाहाविरुद्ध गेलेला माणूस चुमाथांग आणि न्योमाच्या वाटेला लागतो.

आता दारचाचा फाटा जरा जवळून बघू. कारण फसायचे तर इथेच. पूर्वी दारचानंतर लेहकडे जाणारा एकच मोठा रस्ता होता. आता शिंकू ला ओलांडून झंस्करमधल्या पदुमकडे जाणारा आणि तिथून निम्मूपर्यंत पोहोचणारा रस्ताही जोडला गेला आहे. सीमा सडक संघटनेने २०२४ च्या मार्चमध्ये तो जोडल्याचे जाहीर केले. फोनमधला नकाशा त्यापूर्वीचा असेल तर तिथे फाटाच दिसणार नाही. उलट नवा नकाशा क्वचित लेहसाठी हाच मार्ग सुचवेल, कारण निम्मूकडून लेहला जाता येते.

समजा एक गाडी सकाळी जिस्पाहून निघाली. दारचाच्या पोलीस चौकीवर गाडीचा नंबर नोंदवला, ट्रिप मीटर शून्यावर आणला. रेंज गेलेली आहे आणि ठिपका दोन्ही रस्त्यांच्या मध्ये थरथरतो आहे. फाटे अगदी जवळजवळ असतात तेव्हा ठिपका कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगू शकत नाही, कारण त्याची चूक सहज दहा-पंधरा मीटर असते आणि डोंगराच्या कुशीत ती वाढते. उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोनला वाटते आपण आहोत त्याहून दूर आहोत. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ मोठे झालेले दिसले तर तेच कारण. म्हणून फाट्यावर ठिपक्याला विचारू नये. एकदोन किलोमीटर जाऊन मग विचारावे. तोपर्यंत दोन्ही रस्ते एकमेकांपासून पुरेसे लांब झालेले असतात.

या दोन किलोमीटरांत बाकीच्या खुणा बोलतात. लेहचा रस्ता भागेच्या खोऱ्यात ईशान्येकडे चढतो. त्यावर आधी दीपकताल हे छोटे तळे, मग पत्सेओ आणि झिंगझिंग बार लागतात. शिंकू लाचा रस्ता दुसऱ्या ओढ्याच्या खोऱ्यात शिरून वायव्येकडे जातो. त्यावर रारिक आणि छिका ही गावे येतात आणि फलकांवर पदुमचे नाव दिसू लागते. सकाळची वेळ असेल तर सूर्यही मदत करतो. ईशान्येकडे जाणाऱ्याला तो साधारण समोर उजवीकडे असतो, वायव्येकडे जाणाऱ्याच्या पाठीमागे उजवीकडे जातो. मीटर पंधरावर गेला, तळे आले नाही आणि एका घराच्या पाटीवर रारिक लिहिलेले दिसले, तर आता ठिपक्याची गरज उरत नाही. गाडी वळवायची.

याच्या उलट प्रसंगही वारंवार येतो. गाडी बरोबर रस्त्यावर असते आणि ठिपका मात्र रस्ता सोडून डोंगरात चाललेला दिसतो. हिमालयात दरडी कोसळतात, पूल वाहून जातात आणि रस्ता नव्या बाजूने काढला जातो. नकाशात तो बदल यायला वेळ लागतो. ओळखायचे कसे? ठिपक्याची वाट नकाशातल्या रेषेला समांतर असेल, नदी तीच आणि त्याच बाजूला असेल, दगडांवरची अंतरे ओळीने कमी होत असतील, तर रस्ता नवा आहे. पुढे दोन्ही पुन्हा एकत्र येतात. पण एखाद्या फाट्यापासून ठिपका आणि रेषा यांच्यातले अंतर दर किलोमीटरला वाढतच गेले, तर आपण चुकलो आहोत. अंतर स्थिर आहे की वाढते आहे, एवढेच पाहायचे.

कोणती खूण धरावी यालाही तारतम्य लागते. भरतपूर, सरचू, पांग इथली तंबूंची हॉटेले नकाशात ठळक दिसतात, पण ती हंगामी असतात. साधारण जूनमध्ये लागतात आणि सप्टेंबरनंतर उठतात, जागाही बदलतात. त्यांच्यावरून अंतर मोजणे धोक्याचे. पूल, नद्यांचा संगम, खिंड आणि जुनी वस्ती या हलत नाहीत. ओढे खूण म्हणून चांगले, मात्र ते ओलांडण्याची वेळ पाळावी. दुपारी बर्फ वितळून पाणी चढते, सकाळी घोट्याइतका असलेला प्रवाह चार वाजता मोटारसायकल उलटवण्याइतका होतो. हे कुठल्याच नकाशात दिसत नाही. तसेच ऑफलाइन नकाशाने सांगितलेला वेळही मनावर घेऊ नये, त्याला ना दुरुस्तीचे काम माहीत असते ना लष्करी वाहनांचा ताफा. दीडपट किंवा दुप्पट वेळ धरणारे लोक अंधारापूर्वी पोहोचतात.

फोन जिवंत ठेवणे हा या सगळ्याचा पाया. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी झपाट्याने संपते. जीपीएसपेक्षा हा शोधच महाग पडतो. विमान मोड लावला की तो थांबतो आणि ठिपका चालूच राहतो. थंडीत लिथियम बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक झोपायच्या पिशवीत घ्यावी. दिवसा उलटे होते. काचेला लावलेला फोन उंचावरच्या उन्हात तापून स्वतःच बंद पडतो. नकाशा एकाच फोनमध्ये असणे पुरेसे नाही, बरोबरच्या निदान दुसऱ्या एकाच्या फोनमध्ये तो तसाच तपासून ठेवलेला असावा. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र मात्र बरोबर घेऊ नये. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळांवर अशी यंत्रे सापडून लोक अडचणीत आले आहेत.

नकाशा, पाणी, दगड आणि मीटर यांपैकी दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर पुढे रेटण्याऐवजी शेवटच्या नक्की ठाऊक असलेल्या खुणेपर्यंत मागे यायचे. मीटर तिथे शून्यावर आणलेला असतो, त्यामुळे किती मागे जायचे हे त्यावरच लिहिलेले असते. मग रस्त्याच्या कडेला थांबून समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला हात करायचा. त्याला पुढचे गाव विचारण्याऐवजी तो कुठून आला ते विचारावे, कारण तो ज्या रस्त्यावरून नुकताच आला आहे त्याचीच खबर त्याच्याकडे खात्रीची असते. पांगहून आलो म्हणाला की रस्ता उघडा आहे आणि आपण त्यावर आहोत, ही दोन्ही उत्तरे एकदमच मिळतात.